माहेरचे 15 हजार

नवरा-बायको दोघंही कमावणारे असले की घरखर्चाचं भांडण सहसा भाड्यावरून किंवा किराण्यावरून होत नाही. भाडं करारात लिहिलेलं असतं, किराण्याचं बिल दोघांनी पाहिलेलं असतं. भांडण होतं ते महिन्याच्या एक-दोन तारखेला एकाच्या खात्यातून गावी जाणाऱ्या रकमेवरून. ती किती असावी, कशावरून ठरली आणि घराच्या हिशेबात ती कुठं धरायची, हे कुणी कधी बोललेलंच नसतं. म्हणून तिथं हिशेबाच्या आधी टोमणे येतात.

वाकडला भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात राहणारं एक जोडपं घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, परिस्थिती नाही. तो हिंजवडीतल्या कंपनीत आहे, हातात 1 लाख 20 हजार येतात. ती एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये, तिच्या हातात 60 हजार. एक मुलगी, शाळेत जाणारी. भाडं, किराणा, दूध, शाळा आणि व्हॅन, पोळ्यांच्या आणि भांड्यांच्या मावशी, वीज, पेट्रोल असं सगळं मिळून घरखर्च 90 हजार. तिचे आईवडील मिरजेला असतात. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते, 2014 च्या सुरुवातीला निवृत्त झाले. त्यांना ती दर महिन्याला 15 हजार पाठवते.

आता हे 90 हजार कसे वाटायचे?

निम्मे-निम्मे केले तर दोघांचे 45-45 हजार. ऐकायला समतेचं वाटतं. पण तिच्या 60 हजारांतून 45 घरात आणि 15 मिरजेला गेले की तिच्याकडे शून्य उरतं, त्याच्याकडे 75 हजार. त्याच्या भिशीच्या, गाडीच्या, म्युच्युअल फंडाच्या गप्पा चालू असताना ती चपला घ्यायला पुढच्या पगाराची वाट बघते. ही पद्धत वाईट आहे हे बहुतेकांना लगेच पटतं, म्हणून पुढची पायरी येते ती कमाईच्या प्रमाणात वाटणीची. कमाई एकास दोन, तर खर्चही एकास दोन. ती 30 हजार देईल, तो 60 हजार. मिरजेचे 15 जाऊन तिच्याकडे 15 हजार उरतात, त्याच्याकडे 60 हजार. पुण्यातली बरीच शिकलेली जोडपी इथं येऊन थांबतात आणि आपण न्यायानं वागतो असं समजतात. माझा आक्षेप नेमका इथं आहे.

कारण त्या 90 हजारांत काय काय आहे हे अजून सांगितलेलंच नाही. त्याची आई त्यांच्याकडेच राहते. तिची बीपी-शुगरची औषधं, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, तिच्या नावाचा मेडिक्लेमचा हप्ता, जेवणखाण, सणावाराला नणंदेकडे पाठवायचं ते, असा सगळा अंदाज धरला तर महिन्याला 12 हजार तिच्यावर जातात. ते कुणी लपवत नाही, पण वेगळे दिसतही नाहीत. औषधं किराण्याच्या पिशवीतूनच येतात, आणि त्या 12 हजारांना घरात घरखर्च म्हणतात. मिरजेच्या 15 हजारांना मात्र ‘तू तुझ्या घरी पाठवतेस ते’ म्हणतात.

प्रमाणशीर वाटणीत याचा परिणाम असा होतो. त्याच्या आईच्या 12 हजारांतले 4 हजार सून भरते, कारण ते घरखर्चात आहेत. तिच्या आईवडिलांच्या 15 हजारांतला एक रुपयाही जावई भरत नाही, कारण ते घरखर्चात नाहीत. दुप्पट कमावणारा फक्त 8 हजारांत आपलं म्हातारपणाचं देणं भागवतो, आणि निम्मं कमावणारी दोन्हीकडचं मिळून 19 हजार देते. एकाच छताखाली दोन नियम चालू आहेत आणि दोघांनाही ते कळलेलं नाही, कारण एक आई घरात राहते आणि दुसऱ्या आईला पैसे बँकेतून जातात.

याला कोणी ‘आपल्याकडची रीतच ही’ म्हणेल. रीत होती, कारण मुलीच्या हातात तिचे पैसे नव्हते. कायद्यानं ती रीत मोडली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे. कल्याणला दवाखाना असलेल्या डॉ. विजया मनोहर अर्बट यांच्यावर त्यांचे वडील काशीराव राजाराम सवाई यांनी पोटगीचा दावा लावला. मागणी महिना 500 रुपयांची होती. मुलीचं म्हणणं असं की तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये बापाला सांभाळायची जबाबदारी मुलावर आहे, मुलीवर नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1987 साली न्यायालयानं सांगितलं की मुलगी विवाहित असली तरी जबाबदारी तिच्यावर आहेच. पण त्याला एक अट जोडली, आणि आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहे. मुलीकडे स्वतःचं पुरेसं साधन असलं पाहिजे, नवऱ्याच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर अवलंबून नसलेलं.

म्हणजे तिचे 15 हजार ही हौस नाही, मेहेरबानी तर नाहीच. ते तिच्या पगारावरचं कायदेशीर ओझं आहे. त्याच वेळी जावयावर सासू-सासऱ्यांचं कायदेशीर ओझं नाही, हेही त्याच निकालातून निघतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांना एकाच ओळीत बसवलं. तिथं जावयाचा उल्लेख नाही, आणि त्या ओळीत सूनही नाही. सून सासूची औषधं भरते ती कायद्यानं नव्हे, घरात सगळं एकत्र चालतं म्हणून. मग मिरजेच्या बाबतीत एकदम कायद्याची वही उघडायची आणि औषधांच्या बाबतीत ती मिटून ठेवायची, हे बरोबर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नियम एकच असावा. तो दोन तऱ्हांनी लावता येतो. पहिल्या तऱ्हेत ज्याचे आईवडील त्यानं आपल्या पगारातून आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्या कमाईच्या प्रमाणात घरखर्च वाटायचा. तिचे 60 मधून 15 गेले, 45 राहिले. त्याचे 1 लाख 20 मधून आईचे 12 गेले, 1 लाख 8 राहिले. घरखर्चही आता 78 हजारच राहतो. 45 आणि 108 च्या प्रमाणात ती 22,941 देईल, तो 55,059. हातात तिच्या सुमारे 22 हजार राहतात, त्याच्या सुमारे 53 हजार. दुसऱ्या तऱ्हेत दोन्हीकडचे आईवडील घरखर्चातच धरायचे. 78 अधिक 12 अधिक 15 म्हणजे 1 लाख 5 हजार, ते एकास दोन वाटले की तिचे 35, त्याचे 70. हातात तिच्या 25 हजार, त्याच्या 50 हजार.

या दोन तऱ्हांत फरक तीन हजारांचाही नाही. तीन हजारांसाठी कुणी घर डोक्यावर घेत नाही. पण आधीच्या ‘न्यायाच्या’ वाटणीत तिच्याकडे 15 हजार उरत होते आणि आता 22 ते 25 उरतात, हा फरक मात्र वर्षाला लाखाच्या घरात जातो. तो आजवर तिच्या खिशातून जात होता आणि तिलाच वाटत होतं की आपण माहेरी पाठवतो म्हणून आपल्याकडे उरत नाही.

दोहोंतली कुठली तऱ्हा घ्यावी? आईवडील कुणाचेच घरात राहत नसतील तर पहिली सोपी. प्रत्येकाची रक्कम बँकेत दिसते आणि ज्याचं देणं त्याच्याकडे राहतं. पण एकाची आई घरात असेल तर मी दुसरी घेईन. तिच्यावर नेमके किती जातात हे काढायला बसलात तर घरातलं वातावरण नासेल. कुकरमधल्या भातातली एक वाटी कोणाच्या नावावर टाकायची? शिवाय ती आजी नातीला दुपारी व्हॅनमधून उतरवून घेते, खाऊ घालते, म्हणून पाळणाघराचे पैसे वाचतात. काही घरांत याचाच हिशेब पुढं येतो, ‘आमची आई घरात राबते, तुझे आईबाबा नुसते घेतात’. आजीच्या कष्टांना दर लावायचा नसेल तर कुठल्याच बाजूनं लावू नये. तिचा खर्च घराचा धरायचा, मिरजेचाही घराचा धरायचा, आणि वाटीचा हिशेब सोडून द्यायचा.

आता या मांडणीवरचा खरा आक्षेप. नवरा म्हणेल, ठीक आहे, पण 15 हजार कुणी ठरवले? उद्या ती 25 हजार पाठवायला लागली तर? आक्षेप रास्त आहे आणि तो आकड्यांत दाखवता येतो. पहिल्या तऱ्हेत तिनं 15 चे 25 केले की तिचा घरखर्चातला वाटा 22,941 वरून 19,091 वर येतो. म्हणजे वाढवलेल्या 10 हजारांतले 3,850 रुपये त्याला न विचारता त्याच्या खिशातून गेले. दुसऱ्या तऱ्हेत तर दोन-तृतीयांश जातात. ज्या रकमेचा भार दुसऱ्यावर पडतो ती एकट्यानं ठरवायची नसते. हे त्यालाही लागू आहे. आईला घेऊन सात दिवसांची दक्षिण भारत यात्रा हा घरखर्च नव्हे.

म्हणून रक्कम गरजेवरून ठरली पाहिजे, आणि गरज मोजता येते. मिरजेच्या त्या घराचंच पाहू. घर स्वतःचं आहे, भाडं नाही. किराणा-दूध, वीज, गॅस, मोबाइल, वडिलांची हृदयाची औषधं, आईच्या गुडघ्यांचं काय ते, कामाला येणारी बाई, दोघांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा, असं धरून 22,500 रुपये लागतात. त्यांची स्वतःची मिळकत म्हणजे वडिलांची ईपीएस-95 ची पेन्शन. हिचं सूत्र साधं आहे. पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. ऑगस्ट 2014 पर्यंत पगाराची मर्यादा 6,500 होती, मग खऱ्या पगाराचा आकडा काहीही असो. 20 वर्षांच्या नोकरीला या सूत्रानं 1,857 रुपये येतात. योजनेआधीच्या नोकरीचा थोडा भर धरून वडिलांना अडीच हजार मिळतात. आयुष्यभर भट्टीपुढं उभं राहिलेल्या माणसाची ही पेन्शन आहे, आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या असंख्य बापांची मुलंमुली आज पुण्यात नोकरी करतात ती या आकड्याला ठिगळ लावत. कोल्हापूरचा भाऊ 5 हजार देतो. 22,500 मधून साडेसात हजार गेले, राहिले 15 हजार. हा आकडा तिच्या मनातून आलेला नाही, तो वजाबाकीतून आलेला आहे.

वजाबाकीचा कागद दोघांनी बघितला की दोन गोष्टी आपोआप सुटतात. एक म्हणजे भाऊ कमी का देतो हा प्रश्न नवऱ्यानं बायकोला नाही, बहिणीनं भावाला विचारायचा प्रश्न होतो. दुसरी, गरज आणि हौस वेगळी होते. वडिलांना नवा मोबाइल, भाचीच्या बारशाची चेन, देवळाला देणगी, हे तिनं आपल्या उरलेल्या 25 हजारांतून करावं, आणि तिथं दुसऱ्यानं तोंड घालू नये. हाच नियम त्याच्या 50 हजारांना.

न्यायालयंसुद्धा हाच कागद मागतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 4 नोव्हेंबर 2020 ला पोटगीच्या दाव्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा नमुनाच घालून दिला. त्यात नवरा आणि बायको दोघांनीही आपल्यावर अवलंबून असलेली माणसं लिहायची असतात. त्यांचं नातं, वय, त्यांची स्वतःची मिळकत आणि त्यांच्यावर होणारा अंदाजे खर्च. मिरजेच्या कागदावर आपण जे लिहिलं तेच. संसार मोडल्यावर न्यायाधीशापुढं शपथेवर जे भरून द्यावं लागतं, ते संसार चालू असताना जेवणाच्या टेबलावर भरायला लोक लाजतात, याचं मला नवल वाटतं.

कमाई कुठली धरायची यातही थोडं पाणी मुरतं. खात्यात जमा होतो तो आकडा धरतात. पण एकानं स्वेच्छेनं पीएफची कपात वाढवून घेतली असेल तर त्याच्या हातात कमी येतं आणि बचत मात्र होते. ती कपात परत मिळवून धरावी, नाहीतर त्याची निवृत्ती दुसऱ्याच्या किराण्यातून उभी राहते. घराच्या हप्त्याचंही असंच. हप्त्यातलं व्याज हा राहण्याचा खर्च, मुद्दल ही बचत. फ्लॅट एकाच्याच नावावर असेल तर मुद्दल त्यानंच भरावं, दोघांनी भरायचं असेल तर इंडेक्स टूवर दोघांची नावं असावीत. महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून पुष्कळ नवरे हल्ली बायकोच्या एकटीच्या नावे घेतात आणि हप्ते स्वतः भरतात. तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूनं उभा राहतो.

या सगळ्यावर एक सोपा पर्याय सुचवला जातो. सगळं एकत्र करा, दोघांना सारखा हातखर्च द्या. वरच्या हिशेबात तो 37,500-37,500 येतो. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि प्राप्तिकर कायदा त्या जोडप्यांचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरतो. पण पगाराला ही तरतूद लागू होत नाही, पगार ज्याचा त्याच्याच नावावर राहतो. इतकी सामाईक व्यवस्था करणाऱ्या ठिकाणीही पगार वेगळाच ठेवला गेला. महाराष्ट्रात तर लग्नामुळं काहीच आपोआप सामाईक होत नाही. त्यामुळं सारख्या हातखर्चाचा आग्रह कुणावर धरता येणार नाही, विशेषतः लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत. प्रमाणशीर वाटणीचा मात्र धरता येतो.

या व्यवस्थेला दोन ठिकाणी भेग पडते. एक म्हणजे आजारपण. महिन्याचे 15 हजार मोजता येतात, अँजिओप्लास्टीचे मोजता येत नाहीत. त्यासाठी दोघांनी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, तीही एकास दोन, आणि दोन्हीकडच्या ज्येष्ठांसाठी ती सारखीच खुली ठेवावी. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्याचं कार्ड अजून काढलं नसेल तर ते काढणं हे या खात्यातलं पहिलं काम. कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते मात्र आधीच बघून ठेवावं, ॲम्ब्युलन्समध्ये बसून नाही.

दुसरी भेग मोठी आहे. दुसरं मूल होतं, 26 आठवड्यांची भरपगारी रजा संपते आणि ती वर्ष-दोन वर्षं घरी राहायचं ठरवते. कमाई शून्य. पहिली तऱ्हा इथं कोसळते, कारण शून्यातून 15 हजार वजा होत नाहीत. कायदाही तिच्या बाजूनं उभा राहणार नाही. कल्याणच्या निकालातली अट आठवा, तिचं स्वतःचं साधनच आता उरलेलं नाही. मिरजेला मात्र गोळ्या तेवढ्याच लागतात. अशा वेळी पुष्कळ घरांत पैसे गुपचूप जातात, किराण्यातून थोडे वाचवून, सोनं गहाण टाकून, भावाकडून उसने घेऊन. किंवा जात नाहीत.

तिची कमाई दोघांच्या मुलासाठी थांबली आहे. तो निर्णय दोघांचा होता, मग त्याची किंमत तिच्या आईवडिलांनी का मोजायची? त्या काळात ते 15 हजार घरानं द्यावेत, तिच्या खात्यातून जायचे त्याच तारखेला जावेत, आणि ती परत कामावर गेल्यावर तिच्या नावावर उधारी म्हणून मांडू नयेत. नवऱ्याची नोकरी गेली आणि घर तिच्या पगारावर आलं, तर त्याच्या आईची औषधंही याच नियमानं यावीत. हे दुसरं मूल व्हायच्या आधी बोलून घ्यावं, कारण नंतर बोलणारीच्या हातात पगार नसतो.